टोमॅटोच्या ग्रेव्हीत फ्रेश क्रीम का फाटतं? ते नेमकं कधी आणि किती गरम ग्रेव्हीत घालायचं?

पनीर मखनी जवळपास तयार आहे. ग्रेव्हीचा रंग छान आलाय, मसाला परतून झालाय, वासही हॉटेलसारखा येतोय. आता शेवटचं काम म्हणून फ्रीजमधून क्रीमचा डबा काढून रटरटणाऱ्या कढईत ओतला जातो आणि दोनच मिनिटांत गुळगुळीत ग्रेव्हीत पांढरे कण दिसायला लागतात. कडेला तेल जमा होतं. चव तशी बरी असते, पण भाजी दिसायला नासलेल्या दुधासारखी होते.

अशा वेळी दोष बहुतेकदा क्रीमच्या डब्याला दिला जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा क्रीम ठीकच असतं. चुकते ती ते घालण्याची वेळ आणि त्या वेळी ग्रेव्ही किती गरम आहे हे.

हे नेमकं का होतं, ते कसं टाळायचं आणि झालंच तर काय करायचं, हे समजून घेऊया.

क्रीम फाटतं म्हणजे नेमकं काय होतं?

याचं उत्तर त्याच भाजीतल्या पनीरमध्ये आहे. पनीर कसं बनतं? दूध गरम करायचं, त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालायचं, की दुधातलं प्रोटीन गोळा होऊन पाण्यापासून वेगळं होतं. म्हणजे दुधाचा पदार्थ, आंबटपणा आणि उष्णता या तीन गोष्टी एकत्र आल्या की पनीर तयार होतं.

उकळत्या टोमॅटोच्या ग्रेव्हीत क्रीम घातलं तर याच तीन गोष्टी कढईत एकत्र येतात. क्रीम हा दुधाचाच भाग, टोमॅटो आंबट आणि खाली गॅस पेटलेला. त्यामुळे ग्रेव्हीत दिसणारे ते पांढरे कण म्हणजे एका अर्थाने बारीक बारीक पनीरच असतं.

दुधात आणि क्रीममध्ये केसीन नावाचं प्रोटीन असतं. त्याचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात आणि ते एकमेकांपासून लांब राहतात. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ ते ६.७ असतो. पीएच जितका कमी, तितका पदार्थ आंबट. तो ४.६ च्या आसपास आला की केसीनचे गोळे एकमेकांना दूर ढकलेनासे होतात आणि चिकटायला लागतात. दही लागतं ते याच कारणाने. टोमॅटोचा पीएच बहुतेक वेळा ४.२ ते ४.९ च्या दरम्यान असतो. म्हणजे टोमॅटोची ग्रेव्ही केसीनसाठी मुळातच धोक्याच्या रेषेवर असते.

त्यात उष्णतेची भर पडली की हे काम फार लवकर होतं. याचा अनुभव प्रत्येक घरात असतो. आदल्या दिवशीचं दूध फ्रीजमधून काढलं की चांगलं दिसतं, पण गॅसवर ठेवून उकळी आली की फाटतं. ते आधीच थोडं आंबट झालेलं असतं. थंड असताना तेवढा आंबटपणा त्याला चालतो, उकळताना चालत नाही.

इथेच सगळा उपाय दडलेला आहे. टोमॅटोच्या ग्रेव्हीतून आंबटपणा काढून टाकता येत नाही. हातात राहतात दोन गोष्टी. क्रीम घालताना ग्रेव्ही किती गरम आहे आणि क्रीम घातल्यावर ती किती वेळ गॅसवर राहते.

कण दिसतायत की तेल? दोन्ही एकच नाही

ग्रेव्ही ‘फाटली’ असं म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं जातं.

पहिल्या प्रकारात पांढरे कण दिसतात. चमच्याच्या मागच्या बाजूला ग्रेव्ही घेतली तर ती रवाळ दिसते आणि जिभेला खरखरीत लागते. हे प्रोटीनचे कण आहेत. आंबटपणा आणि उष्णता यांची ही करामत.

दुसऱ्या प्रकारात कण दिसत नाहीत, पण वर लालसर तेलाचा थर येतो आणि खाली ग्रेव्ही घट्ट, चमक गेलेली दिसते. क्रीममध्ये फॅटचे बारीक थेंब पाण्यात पसरलेले असतात. ग्रेव्ही फार वेळ उकळली किंवा फार आटली, की हे थेंब एकमेकांत मिसळतात आणि तूप-तेलासारखे वर येतात.

गोंधळ होतो तो ‘तेल सुटणं’ या शब्दांमुळे. आपल्याकडे मसाला परतताना कडेने तेल सुटलं की मसाला झाला असं समजतात आणि ते बरोबरच आहे. टोमॅटोतलं पाणी उडून गेलं, कच्चा वास गेला, याची ती खूण असते. पण ही खूण क्रीम घालण्यापूर्वीची आहे. क्रीम घातल्यानंतरही ‘अजून तेल सुटू दे’ म्हणून गॅस चालू ठेवला, तर जे सुटतं ते क्रीममधलं फॅट असतं. एकच दृश्य, पण क्रीमच्या आधी ते चांगलं लक्षण आणि क्रीमनंतर वाईट.

टोमॅटो जास्त शिजवले तर आंबटपणा जातो का?

नाही. हा सर्वांत जास्त पसरलेला गैरसमज आहे.

टोमॅटो परतले की कच्चा वास जातो आणि चव गोडसर होते, त्यामुळे आंबटपणा गेल्यासारखा वाटतो. पण टोमॅटोतली आम्लं वाफेबरोबर उडून जात नाहीत. उडतं ते पाणी. त्यामुळे आटवलेली प्युरी चमच्यामागे उलट जास्त आंबट असते.

साखरेचंही तसंच. चमचाभर साखर घातली की जिभेला आंबट कमी लागतं, पण क्रीमला त्याने काही फरक पडत नाही.

खऱ्या अर्थाने आम्ल कमी करतो तो खाण्याचा सोडा. अर्धा किलो टोमॅटोंना अगदी चिमूटभर, म्हणजे पाव चमच्याच्याही निम्मा सोडा पुरतो. तो प्युरी शिजत असताना घालायचा. लगेच फेस येतो, तो ढवळला की बसतो. यापेक्षा जास्त घातला तर ग्रेव्हीला साबणासारखी चव येते आणि टोमॅटोची मजा जाते. त्यामुळे हा उपाय रोजचा नाही. टोमॅटो फारच आंबट निघाले, तर तो उपयोगी पडतो. लांबट, कडक टोमॅटोंपेक्षा गावठी टोमॅटो साधारणपणे जास्त आंबट असतात. पाकिटातली प्युरी आटवलेली असते आणि काहींत सायट्रिक ॲसिडही असतं, म्हणून तिचं लेबल एकदा बघून घ्यावं.

डब्यात कोणतं क्रीम आहे, याने फरक पडतो का?

बराच पडतो. इंग्रजी रेसिपी व्हिडिओंमध्ये शेफ उकळत्या टोमॅटो सॉसमध्ये क्रीम ओततात आणि काहीच होत नाही. ते बघून आपल्याकडे तसंच केलं की क्रीम फाटतं. कारण त्यांचं क्रीम वेगळं असतं. अमेरिकेत ‘हेवी क्रीम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीममध्ये किमान ३६ टक्के फॅट असतं. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या फ्रेश क्रीमच्या छोट्या डब्यांवर बहुधा २५ टक्के लिहिलेलं असतं. भारतीय नियमांत २५ टक्के ही ‘लो फॅट क्रीम’ची किमान मर्यादा आहे.

जास्त फॅट असलेलं क्रीम टिकतं, कारण तापवल्यावर त्यातलं बरंचसं केसीन फॅटच्या थेंबांना जाऊन चिकटतं. कण बनवायला मोकळं केसीन फारसं उरतच नाही. साधारण २५ टक्क्यांपासून हा फायदा मिळायला सुरुवात होते. म्हणजे आपलं फ्रेश क्रीम अगदी सीमारेषेवर उभं आहे. नीट वापरलं तर टिकतं, उकळत ठेवलं तर फाटतं. क्रीम नाही म्हणून दूध घातलं तर ते आणखी लवकर फाटतं, कारण दुधात फॅट कमी आणि मोकळं केसीन जास्त.

घरची साय वापरत असाल तर एक गोष्ट तपासा. अनेक मराठी घरांत लोणी काढण्यासाठी आठवडाभर साय साठवतात आणि तिला विरजण लावतात. ती साय आधीच आंबट झालेली असते. ग्रेव्हीसाठी त्याच दिवशीची किंवा आदल्या दिवशीची, विरजण न लावलेली साय घ्यावी. चमचाभर दूध घालून ती चमच्याने फेटावी आणि गाळणीतून गाळावी. मिक्सरमध्ये जास्त फिरवली तर लोणी निघायला लागतं.

उघडून ठेवलेल्या डब्यातलं क्रीम चांगलं आहे की नाही, याची शंका असेल तर सोपी चाचणी आहे. एका पळीत चमचाभर क्रीम घ्या, त्यात तेवढंच पाणी घाला आणि मंद आचेवर उकळी येऊ द्या. इथे टोमॅटो नाही, म्हणजे बाहेरून आंबटपणा आलेला नाही. तरीही कण दिसले, तर क्रीम आतून आंबट झालंय. दूध तपासायलाही डेअरीत अशाच प्रकारे थोडं दूध उकळून बघतात.

मग क्रीम घालण्याची योग्य वेळ कोणती?

थोडक्यात उत्तर असं. सगळं शिजवून झाल्यावर, सगळी चव जमवून झाल्यावर, गॅस बंद करून, बुडबुडे पूर्ण थांबल्यावर.

थर्मामीटर असेल तर ग्रेव्ही ८० अंश सेल्सिअसच्या खाली आलेली असावी. नसेल तर डोळ्यांनी कळतं. ग्रेव्हीतून वाफ येत राहते, पण पृष्ठभाग हलत नाही.

यात एक फसवी गोष्ट आहे. मखनीसारखी दाट ग्रेव्ही पाण्यासारखी उकळत नाही. ती वरून शांत दिसते आणि मध्येच ‘फट’ करून एखादा मोठा बुडबुडा फुटतो. कारण दाट पदार्थात उष्णता तळाशी अडकून राहते. वरचा थर निवलेला वाटतो, तेव्हाही तळ उकळत असू शकतो. म्हणून गॅस बंद केल्यावर आधी तळापासून नीट ढवळायचं, मग बघायचं. ढवळल्यावर पुन्हा बुडबुडे आले, तर अजून एखादं मिनिट थांबायचं.

भांड्यानेही फरक पडतो. पातळ ॲल्युमिनियमची कढई गॅस बंद केल्यावर लवकर निवते. जाड बुडाची किंवा बिडाची कढई बराच वेळ उष्णता धरून ठेवते, त्यामुळे गॅस बंद असूनही आतली ग्रेव्ही उकळत राहू शकते. जाड भांडं असेल तर ते शेगडीच्या जाळीवरून उतरवून ओट्यावर ठेवावं. इंडक्शनवर ‘लो’ सेटिंगवर विसंबू नये. अनेक इंडक्शन शेगड्या कमी पॉवरवर सतत मंद तापत नाहीत, त्या थोडा वेळ जोरात तापतात आणि थोडा वेळ बंद राहतात. त्या जोराच्या झटक्यातच ग्रेव्ही उकळते.

एक उदाहरण: चार जणांसाठी पनीर मखनी

आता हे प्रत्यक्ष कसं करायचं ते बघू. मखनी ग्रेव्ही घेण्याचं कारण म्हणजे तिच्यात टोमॅटो भरपूर असतो आणि क्रीमही लागतंच, त्यामुळे फाटण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त.

साहित्य: टोमॅटो ५०० ग्रॅम (मध्यम आकाराचे सहा), काजू १२ ते १५, आल्याचा इंचभर तुकडा, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, वेलदोडे २, लोणी २ मोठे चमचे, तेल १ छोटा चमचा, काश्मिरी मिरची पूड दीड छोटा चमचा, पनीर २०० ग्रॅम, साखर १ छोटा चमचा, गरम मसाला पाव छोटा चमचा, कसुरी मेथी १ छोटा चमचा, चवीनुसार मीठ आणि फ्रेश क्रीम ८० मिलिलिटर, म्हणजे साधारण पाच-सव्वापाच मोठे चमचे.

सुरुवातीलाच क्रीम फ्रीजमधून बाहेर काढून एका वाटीत ओता. ओतण्यापूर्वी डबा हलवून घ्या, कारण त्यात घट्ट भाग आणि पाणी वेगळं झालेलं असू शकतं. ग्रेव्ही होईपर्यंत अर्धा तास जातो, तेवढ्यात क्रीमचा गारवा जातो.

टोमॅटो चिरून काजू, आलं, लसूण आणि वेलदोड्यांसोबत अर्धा कप पाणी घालून झाकून शिजवा. पंधरा मिनिटांत टोमॅटो गळतात. निवल्यावर मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत वाटा आणि गाळून घ्या. गाळण्याचा कंटाळा करू नये. टोमॅटोच्या बिया आणि सालं राहिली तर नंतर ग्रेव्हीत दिसणारे कण क्रीमचे आहेत की टोमॅटोचे, हेच कळत नाही.

काजू इथे फक्त चवीसाठी नाहीत. काजूतला स्टार्च आणि फॅट ग्रेव्ही दाट करतात. दाट ग्रेव्हीत प्रोटीनचे कण एकमेकांपर्यंत सहज पोचत नाहीत, त्यामुळे त्यांचे मोठे गोळे होत नाहीत. कढी करताना ताकात बेसन लावतात ते याच कारणासाठी. बेसन लावलेली कढी उकळी सहन करते, नुसतं ताक करत नाही. काजू नको असतील तर एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घालता येतं. फक्त ते क्रीमच्या आधी घालून एक-दोन मिनिटं उकळून घ्यावं लागतं, कारण कच्चा स्टार्च हे काम करत नाही.

आता कढईत तेल आणि लोणी गरम करा, मंद आचेवर मिरची पूड घाला आणि लगेच प्युरी ओता. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं परता. कडेने लोणी सुटलं, ग्रेव्ही चमच्याला धरून राहायला लागली, की समजा परतून झालं. हीच ती तेल सुटण्याची योग्य वेळ.

मग पाऊण कप गरम पाणी, मीठ आणि साखर घाला. पनीरचे तुकडे घालून तीन-चार मिनिटं मंद उकळी येऊ द्या. गरम मसाला आणि चुरडलेली कसुरी मेथीही आत्ताच. आता चव बघा. मीठ, तिखट, आंबट, सगळं इथेच जमवायचं. ग्रेव्ही फार दाट वाटली तर पाणीही आत्ताच घालायचं. क्रीम घातल्यावर यातलं काही कमी पडलं की पुन्हा उकळी काढण्याचा मोह होतो आणि तिथेच भाजी बिघडते.

गॅस बंद करा. तळापासून ढवळा. दोन ते तीन मिनिटं थांबा.

वाटीतल्या क्रीममध्ये कढईतली पळीभर ग्रेव्ही घाला आणि चमच्याने एकजीव करा. मग आणखी एक पळी. आता वाटीतलं मिश्रण केशरी आणि कोमट झालेलं असतं. हे मिश्रण बारीक धारेने कढईत ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा.

गरम ग्रेव्ही क्रीममध्ये आधी घालण्याचं कारण सोपं आहे. थंड क्रीम थेट कढईत पडलं तर ते जिथे पडतं तिथे त्याला एकदम पूर्ण आंबटपणा आणि पूर्ण उष्णता लागते. ते पसरण्याआधीच त्याच्या गुठळ्या होतात. उलट क्रीमच्या वाटीत थोडी ग्रेव्ही घातली तर क्रीम जास्त आणि आंबट कमी, असा बदल हळूहळू होतो. क्रीममधलं थोडंफार प्रोटीन तरीही आकसतंच, ते पूर्ण थांबवता येत नाही. पण ते इतकं बारीक पसरलेलं राहतं की डोळ्याला दिसत नाही आणि जिभेला कळत नाही. आपल्याला हवं ते एवढंच.

एवढ्याने भाजी खाण्याइतकी गरम राहते. ती निवली असं वाटलं तर सर्वांत बारीक आचेवर ढवळत एखादं मिनिट ठेवा, पण बुडबुडा दिसता कामा नये. झाकण ठेवून गॅसवर अजिबात ठेवू नका. झाकणाखाली तापमान पटकन वाढतं आणि उकळी आलेली दिसतही नाही.

लिंबू पिळायची सवय असेल तर ते कढईत पिळू नका, खाताना ताटात घ्या.

फाटलंच तर काय करायचं?

आधी गॅस बंद करा आणि मग बघा, कण आहेत की तेल.

तेल सुटलं असेल तर ग्रेव्ही बहुधा वाचते. फार आटल्यामुळे तिच्यात पाणी कमी पडलेलं असतं. दोन-तीन मोठे चमचे गरम पाणी घालून जोरात ढवळा. अनेकदा तेल परत मिसळतं आणि चमक येते. नाहीच मिसळलं तर वरचं तेल चमच्याने काढून टाका.

कण झाले असतील तर ते परत पूर्वीसारखे होत नाहीत. पनीरचं जसं पुन्हा दूध होत नाही, तसंच. पण ते बारीक करता येतात. पनीरचे तुकडे बाजूला काढा, ग्रेव्ही कोमट होऊ द्या, त्यात चमचाभर काजूची पेस्ट घाला आणि मिक्सरमध्ये फिरवून गाळा. ग्रेव्ही गरम असताना मिक्सर लावू नका. वाफेच्या दाबाने झाकण उडून भाजण्याची भीती असते. पुन्हा गरम करताना उकळी आणू नका आणि ‘रंग सुधारेल’ म्हणून वरून आणखी क्रीम ओतू नका. आधीच्याच गरम आणि आंबट ग्रेव्हीत तेही फाटेल.

हे करायला वेळ नसेल तर तशीच वाढली तरी चालते. क्रीम ताजं असेल तर अशी फाटलेली ग्रेव्ही खायला धोकादायक नसते, फक्त दिसायला आणि जिभेला तितकी चांगली लागत नाही. मात्र क्रीमलाच आंबूस किंवा कडवट वास येत असेल, तर ती गोष्ट वेगळी. असं क्रीम वापरूच नये.

उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी का फाटते?

रात्री व्यवस्थित झालेली ग्रेव्ही सकाळी डब्यासाठी गरम करताना फाटते, असंही अनेकदा होतं. कारण रात्री टाळलेली उकळी सकाळी येते. मायक्रोवेव्हमध्ये तर भाजी एकसारखी तापत नाही. मधला भाग गार असतो आणि कडा उकळलेल्या असतात.

उरलेली भाजी गॅसवर तापवताना दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा आणि वाफा आल्या की उतरवा. मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या पॉवरवर ३०-३० सेकंदांनी बाहेर काढून ढवळा.

पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी भाजी करून ठेवायची असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे. क्रीम न घालता ग्रेव्ही करून फ्रीजमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती खुशाल उकळायची, कारण तिच्यात फाटण्यासारखं फारसं काही नाही. पनीर घालायचं, गॅस बंद करायचा आणि क्रीम त्या वेळी घालायचं. फ्रीझरमध्ये साठवायची असेल तर क्रीमशिवायच साठवावी. गोठताना बर्फाचे स्फटिक फॅटच्या थेंबांभोवतीचं आवरण फोडतात, त्यामुळे क्रीम घातलेली ग्रेव्ही वितळल्यावर पाणी आणि फॅट वेगळं पडतं.

हाच नियम नारळाच्या दुधालाही बऱ्याच अंशी लागू होतो. टोमॅटोच्या सारात नारळाचं दूध शेवटी घालून जोरात उकळी येऊ देत नाहीत, आणि कोकमाचा आंबटपणा असलेली सोलकढी तर गरमच करत नाहीत. नारळाच्या दुधातलं प्रोटीन वेगळं आहे, पण आंबट आणि उकळी एकत्र आली की ते दूधही फुटतं.